x⁴ + 1 चे अवयव: पूर्णांकांत पडत नाहीत, प्रत्येक मूळ संख्येपाशी मात्र पडतात. ही सिद्धता कोणत्या क्रमाने लिहायची?

फोंडा आणि डिचोलीकडची जी मुलं माझ्याकडे अल्जिब्रा शिकायला येतात, त्यांच्या वह्यांत एक प्रश्न दरवर्षी त्याच त्या जागी घसरतो. x⁴ + 1 या बहुपदीचे पूर्णांक सहगुणकांत अवयव पडत नाहीत हे दाखवा आणि तरीही कोणतीही मूळ संख्या p घेतली तरी मॉड p अवयव पडतात हे दाखवा, असा तो प्रश्न. अर्धी मुलं पहिला भाग "बहुपदीला वास्तव शून्य नाही, म्हणून अवयव नाहीत" एवढ्यावर संपवतात. उरलेली दुसऱ्या भागात p = 3, 5, 7 तपासून "याप्रमाणे सर्व p साठी" असं लिहून मोकळी होतात. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. दोन्ही भागांची किल्ली एकाच हिशोबात आहे, आणि तो हिशोब नीट मांडला की दुसरा भाग त्यातूनच निघतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

## तयारी: चार गोष्टी आधी पक्क्या करा

पहिली गोष्ट, "मॉड p" म्हणजे काय ते. सहगुणकांना p ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. मॉड 5 मध्ये −1 आणि 4 एकच, मॉड 7 मध्ये 2 आणि 9 एकच. "मॉड 7 मध्ये 2 हा वर्ग आहे" या वाक्याचा अर्थ इतकाच, की 3² = 9 आणि 9 ची बाकी 2.

दुसरी, p मूळ संख्या असेल तर मॉड p मध्ये शून्य सोडून प्रत्येक संख्येने भागता येतं, आणि दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तर त्यांतली एक शून्य असतेच. पुढे हे दोनदा लागेल.

तिसरी, चौथ्या कोटीच्या बहुपदीचे अवयव दोन प्रकारे पडू शकतात: एक रेषीय अवयव आणि एक त्रिघाती, किंवा दोन वर्गबहुपदी. शून्य नाही म्हटल्याने फक्त पहिला प्रकार बाद होतो.

चौथी, पूर्णांकांत x⁴ + 1 चे दोन अवयव असतील तर त्यांच्या सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकांचा गुणाकार 1 असणार, म्हणजे दोन्ही 1 किंवा दोन्ही −1. दोन्ही −1 असतील तर दोन्ही अवयवांची चिन्हं बदला. त्यामुळे दोन्हीकडे 1 आहे असं बिनधास्त धरता येतं. उत्तरात हे एक वाक्य लिहाच, ते बहुतेक वेळा राहून जातं.

सावध: "शून्य नाही, म्हणून अवयव नाहीत" हे का चालत नाही ते x⁴ + 4 वर पाहा. तिलाही वास्तव शून्य नाही, पण x⁴ + 4 = (x² + 2x + 2)(x² − 2x + 2). स्वतः गुणून खात्री करा. हे उदाहरण डोक्यात राहिलं तर ती चूक पुन्हा होत नाही.

## टप्पा 1: सहगुणकांची तुलना

वास्तव x साठी x⁴ + 1 ही किंमत नेहमी धन असते, म्हणून रेषीय अवयव नाही. आता समजा

x⁴ + 1 = (x² + ax + b)(x² + cx + d)

उजवी बाजू गुणून दोन्हीकडचे सहगुणक जुळवा:

- x³ पासून: a + c = 0, म्हणजे c = −a
- x² पासून: b + d + ac = 0, म्हणजे b + d = a²
- x पासून: ad + bc = 0, म्हणजे a(d − b) = 0
- स्थिर पदापासून: bd = 1

सगळं तिसऱ्या ओळीवर अवलंबून आहे. a(d − b) = 0, म्हणजे एकतर a = 0, नाहीतर b = d.

a = 0 असेल तर d = −b आणि bd = 1 मुळे b² = −1.

b = d असेल तर b² = 1, म्हणजे b = 1 किंवा b = −1. मग a² = 2b, म्हणजे a² = 2 किंवा a² = −2.

इथे थांबा आणि मिळालेली तीन समीकरणं कागदावर एकाखाली एक लिहा:

b² = −1, a² = 2, a² = −2

पूर्णांकांत −1, 2 आणि −2 यांपैकी एकही वर्ग नाही. म्हणून अवयव पडत नाहीत. पहिला भाग संपला. परिमेय सहगुणक घेतले तरी निष्कर्ष तोच, कारण तीनपैकी एकही संख्या परिमेय संख्येचाही वर्ग नाही आणि बाकीचा हिशोब जसाच्या तसा चालतो.

ताळा: तीनही समीकरणं मिळाली का? b = d = −1 हा पर्याय पुष्कळदा सुटतो. पूर्णांकांत तो सुटला तरी निष्कर्ष बरोबरच येतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण दुसऱ्या भागात हीच −2 लागते आणि तिच्याशिवाय p = 3 पाशीच गाडी अडते.

सावध: काही जण आयझेनस्टाइनची कसोटी x⁴ + 1 ला सरळ 2 घेऊन लावतात. ती लागत नाही, स्थिर पद 1 आहे आणि 2 ने भागलं जात नाही. कसोटी लावायची तर आधी x च्या जागी x + 1 घाला. (x + 1)⁴ + 1 = x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 2. आता मधले सगळे सहगुणक आणि स्थिर पद 2 ने भागले जातात, आणि 2 ला 4 ने भाग जात नाही. ही सिद्धताही पूर्ण आहे आणि दोन ओळींत संपते. तरी मी तुलनेची रीतच आधी लिहायला सांगतो, कारण दुसऱ्या भागाला लागणारं सगळं तिच्यात आहे.

## टप्पा 2: p = 2 वेगळा काढा

(x + 1)⁴ = x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 1. मॉड 2 मध्ये मधली पदं गळतात आणि x⁴ + 1 = (x + 1)⁴ उरतं. एक ओळ पुरे, पण ती हवीच. पुढची सिद्धता p विषम आहे असं धरून चालते.

## टप्पा 3: तीन समीकरणांतून तीन सूत्रं

टप्पा 1 मधला हिशोब आता उलट दिशेने वाचायचा. p विषम मूळ संख्या आहे. मॉड p मध्ये −1, 2, −2 यांपैकी कोणतीही एक संख्या वर्ग असेल तर अवयव लगेच लिहिता येतात.

−1 = b² असेल तर x⁴ + 1 = x⁴ − b² = (x² + b)(x² − b).

2 = a² असेल तर x⁴ + 1 = (x² + 1)² − 2x² = (x² + ax + 1)(x² − ax + 1).

−2 = a² असेल तर x⁴ + 1 = (x² − 1)² + 2x² = (x² − 1)² − a²x² = (x² + ax − 1)(x² − ax − 1).

तिन्हीत युक्ती एकच, दोन वर्गांची वजाबाकी. तिसऱ्यात मुलं (x² + 1)² लिहितात आणि मग चिन्ह जुळत नाही. (x² − 1)² मध्ये −2x² येतं आणि ते घालवायला +2x² मिळवावं लागतं, म्हणून −2 ची गरज पडते, हे एकदा हाताने करून पाहा.

## टप्पा 4: तीनपैकी एक तरी वर्ग असतोच

सगळ्या प्रश्नाचा जीव इथे आहे आणि सगळ्यात जास्त गुणही इथेच जातात. दाखवायचं असं, की मॉड p मध्ये −1 वर्ग नसेल आणि 2 ही वर्ग नसेल, तर −2 वर्ग असलाच पाहिजे. −2 = (−1) × 2, म्हणून एवढं पुरे: मॉड p मध्ये वर्ग नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार वर्ग असतो.

हे विधान "माहीत आहे" म्हणून सोडू नका, सिद्धता छोटी आहे.

1 पासून p − 1 पर्यंतच्या संख्यांचे वर्ग घ्या. u आणि −u यांचा वर्ग एकच. उलट u² = v² असेल तर (u − v)(u + v) = 0, म्हणून v = u किंवा v = −u. म्हणजे संख्या जोडीजोडीने एकेका वर्गावर जातात, आणि शून्य सोडून (p − 1)/2 संख्या वर्ग असतात. उरलेल्या (p − 1)/2 संख्या वर्ग नसतात. अगदी अर्ध्या-अर्ध्या.

आता वर्ग नसलेली एक संख्या n घ्या आणि 1 ते p − 1 या सगळ्यांना n ने गुणा. n ने भागता येत असल्यामुळे दोन वेगळ्या संख्या गुणल्यावरही वेगळ्याच राहतात, म्हणजे त्याच संख्या फक्त जागा बदलून परत येतात. n ने वर्गाला गुणलं तर उत्तर वर्ग नसतं: ns² = t² असतं, तर n = (t/s)² झालं असतं. म्हणून सगळे वर्ग गुणल्यावर वर्ग नसलेल्यांच्या जागी जातात, आणि दोन्हींची संख्या सारखी असल्याने त्या सगळ्या जागा भरतात. वर्ग नसलेल्या संख्यांना मग वर्गांच्याच जागा उरतात. सिद्ध.

ताळा, p = 7 घेऊन: 1, 2, 3 यांचे वर्ग 1, 4, 2. म्हणजे वर्ग आहेत 1, 2, 4 आणि वर्ग नसलेल्या संख्या 3, 5, 6. आता 3 × 5 = 15, बाकी 1. 3 × 6 = 18, बाकी 4. 5 × 6 = 30, बाकी 2. तिन्ही उत्तरं वर्गांच्या यादीतली आहेत.

गंमत अशी की हेच विधान पूर्णांकांत खोटं आहे. −1 वर्ग नाही, 2 वर्ग नाही, आणि त्यांचा गुणाकार −2 ही वर्ग नाही. मॉड p मध्ये संख्यांचे दोनच गट पडतात, वर्ग असलेल्या आणि नसलेल्या, त्यामुळे तीन संख्यांना एकाच वेळी निसटायला जागा नसते. पूर्णांकांत तशी सक्ती नाही. x⁴ + 1 चं दोन्ही ठिकाणचं वागणं वेगळं का, याचं उत्तर एवढंच आहे.

## टप्पा 5: प्रत्यक्ष अवयव काढून पाहा

p = 3: −2 ची बाकी 1, आणि 1 = 1². तिसरं सूत्र: (x² + x − 1)(x² − x − 1). गुणलं तर x⁴ − 3x² + 1, मधलं पद गळतं.

p = 5: −1 म्हणजे 4 = 2². पहिलं सूत्र: (x² + 2)(x² − 2) = x⁴ − 4, म्हणजेच x⁴ + 1.

p = 7: 2 म्हणजे 9 = 3². दुसरं सूत्र: (x² + 3x + 1)(x² − 3x + 1) = x⁴ − 7x² + 1.

p = 17 वर जरा जास्त वेळ द्या. इथे −1 = 4², 2 = 6² (36 ची बाकी 2) आणि −2 = 7² (49 ची बाकी 15), म्हणजे तिन्ही सूत्रं एकदम लागतात:

(x² + 4)(x² − 4)
(x² + 6x + 1)(x² − 6x + 1)
(x² + 7x − 1)(x² − 7x − 1)

वर्गात हे फळ्यावर आल्यावर वाळपईच्या एका मुलीने विचारलं, "सर, अवयव तर एकाच प्रकारे पडायला हवेत ना? इथे तीन कसे?" शंका अगदी रास्त आहे. अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम पुढे आणखी अवयव न पडणाऱ्या तुकड्यांसाठी आहे, आणि ह्या वर्गबहुपदी अजून फुटतात. 2⁴ = 16, म्हणजे −1, म्हणून 2 हे शून्य आहे. तसंच 8, 9 आणि 15. खरे अवयव (x − 2)(x − 8)(x − 9)(x − 15), आणि वरच्या तीन ओळी म्हणजे या चौघांच्या तीन प्रकारे लावलेल्या जोड्या. 2 आणि 15 ची जोडी x² − 4 देते, 2 आणि 9 ची x² + 6x + 1, तर 2 आणि 8 ची x² + 7x − 1.

कोणतं सूत्र कुठे लागेल ते p ला 8 ने भागून कळतं. बाकी 5 असेल तर फक्त −1 वर्ग असतो, बाकी 7 असेल तर फक्त 2, बाकी 3 असेल तर फक्त −2, आणि बाकी 1 असेल तर तिन्ही. सिद्धतेला या नियमाची गरज नाही, हाताने उदाहरण सोडवताना मात्र वेळ वाचतो.

संगणकावर ताळा घ्यायचा असेल तर पायथनमध्ये SymPy टाकून हे चालवा:

```python
from sympy import symbols, factor, primerange
x = symbols('x')
print(factor(x**4 + 1))
for p in primerange(2, 50):
    print(p, factor(x**4 + 1, modulus=p))
```

पहिल्या ओळीत x**4 + 1 जसंच्या तसं येईल, पुढे प्रत्येक p समोर अवयव दिसतील. 50 पर्यंतच्या यादीत p = 2 सोडून चार रेषीय अवयव फक्त 17 आणि 41 पाशी दिसतील, कारण 8 ने भागून बाकी 1 येणाऱ्या तेवढ्याच आहेत. ही यादी ताळा म्हणून ठीक, सिद्धता म्हणून नाही.

## टप्पा 6: उलट दिशेचा निष्कर्ष काढू नका

पूर्णांकांत अवयव पडले तर तेच अवयव मॉड p वाचता येतात, म्हणून प्रत्येक p पाशी अवयव पडतात. याचा उपयोग असा: एखाद्या p पाशी अवयव पडत नाहीत असं दिसलं, की पूर्णांकांतही पडत नाहीत. उदाहरणार्थ x⁴ + x³ + x² + x + 1 चे मॉड 2 अवयव पडत नाहीत, आणि तिथेच काम संपतं. पण "मॉड p अवयव पडले, म्हणून पूर्णांकांतही पडतील" हे खोटं, आणि x⁴ + 1 हाच त्याचा पुरावा. तिच्यासाठी योग्य p शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही.

मग मॉड p चा हिशोब इथे निरुपयोगी आहे का? नाही, आणि हे फार कमी जण पाहतात. मॉड 5 चे अवयव x² + 2 आणि x² − 2 पुन्हा नीट बघा. मॉड 5 मध्ये वर्ग फक्त 1 आणि 4 आहेत. 2 आणि 3 वर्ग नाहीत, म्हणून हे दोन्ही अवयव पुढे फुटत नाहीत, आणि मॉड 5 मध्ये दुसरी कोणतीही फोड शक्य नाही. आता पूर्णांकांत अवयव पडले असते, तर मॉड 5 वाचल्यावर ते हेच दोन झाले असते, म्हणजे त्यांच्या स्थिर पदांची बाकी 2 आणि −2 आली असती. पण पूर्णांकांत स्थिर पदांचा गुणाकार 1, म्हणून ती पदं 1 किंवा −1 च असू शकतात. 1 किंवा −1 ची मॉड 5 बाकी 2 किंवा −2 कधीच येत नाही. म्हणजे मॉड 5 अवयव पडले, आणि नेमक्या त्या अवयवांनीच पूर्णांकांत अवयव पडत नाहीत हे सिद्ध केलं. "अवयव पडले" एवढं लिहून थांबू नका, कोणते पडले ते पाहा.

सावध: प्रश्नात "प्रत्येक मूळ संख्या" म्हटलं आहे, "प्रत्येक संख्या" नाही. मॉड 4 घ्या आणि x च्या जागी x + 1 घालून मिळालेली x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 2 आठवा. समजा मॉड 4 तिचे, सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक 1 असलेले, कमी कोटीचे दोन अवयव पडले. तेच मॉड 2 वाचले तर त्यांचा गुणाकार x⁴ येतो, म्हणून प्रत्येक अवयव x चा नुसता घात असणार आणि दोघांचीही स्थिर पदं सम असणार. दोन सम संख्यांच्या गुणाकाराला 4 ने भाग जातो, पण इथे स्थिर पद 2 आहे. म्हणजे मॉड 4 असे अवयव पडत नाहीत, आणि 4 च्या कोणत्याही पटीपाशीही पडत नाहीत. मॉड 9 पाशी मात्र पडतात: 4² = 16, तिची बाकी 7, म्हणजे −2, आणि (x² + 4x − 1)(x² − 4x − 1) = x⁴ − 18x² + 1.